‘डेटा मुंबईत आहे’: इंदूरच्या एका साख संस्थेतल्या पत्राचे प्रकरण

हे प्रकरण आमच्याच संस्थेचे आहे. संस्थेचे, माणसांचे आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे नाव गाळले आहे आणि ओळख पटेल असे काही आकडे थोडे मागेपुढे केले आहेत. घटनाक्रम मात्र झाला तसाच ठेवला आहे. मी त्या संस्थेचा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख. पद मोठे वाटते, पण विभागात मी आणि एक मदतनीस, एवढेच.

पार्श्वभूमी

इंदूरमधली ही साख सहकारी संस्था, म्हणजे मराठीत पतसंस्था, मराठी कुटुंबांनी उभी केली. आज सभासद साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. मुख्य कार्यालय आणि तीन शाखा, तेवीस कर्मचारी, आणि दुकानोदुकानी फिरून दैनिक बचत गोळा करणारे वीसेक अभिकर्ते. नोंदणी मध्य प्रदेश सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. आम्ही बँक नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कायद्याचा प्रश्न आला तेव्हा निम्मा गोंधळ इथूनच सुरू झाला.

२०१९ पर्यंत सगळा हिशेब मुख्य कार्यालयातल्या लाकडी कपाटामागच्या सर्व्हरवर चालायचा. त्या वर्षी पुरवठादार कंपनीने तो क्लाउडवर नेला. क्लाउडचे खाते कंपनीचे, बिल कंपनी भरणार, आम्ही वर्षाला एक ठरावीक रक्कम द्यायची. तेव्हा सगळ्यांनाच ते सोयीचे वाटले, मलाही.

२०२४ च्या जुलैअखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सुमारे तीनशे लहान बँकांचे किरकोळ व्यवहार काही काळ थांबले. आमचा त्या कंपनीशी संबंध नव्हता, पण ऑगस्टच्या सभेत एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलेच, “आपला डेटा नेमका कुठे असतो?” मी बसल्या जागी उत्तर दिले, “मुंबईत, काका. पूर्ण सुरक्षित.” अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, “मग हे लेखी द्या, कार्यवाहीला जोडू.”

लेखी द्यायचे म्हटल्यावर मी पहिल्यांदा तपासायला बसलो.

तपासात काय निघाले

कंपनीकडून फक्त पाहण्यापुरते अधिकार मागून घेतले. खाते अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होते. मुख्य डेटाबेस खरोखर मुंबईत होता, `ap-south-1` या विभागात. मग फायली ठेवायच्या जागा, ज्यांना तिथे बकेट म्हणतात, त्या एकेक करून विचारत गेलो. कर्जाच्या अर्जांसोबत स्कॅन केलेली कागदपत्रे ज्या बकेटमध्ये होती, तिचे उत्तर असे आले:

```
$ aws s3api get-bucket-location --bucket <bucket>
{
    "LocationConstraint": null
}
```

`null` पाहून मला वाटले, ठिकाणाची नोंद राहिली असेल, आणि मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी मनात किंतु राहिला म्हणून दस्तऐवज वाचले. अ‍ॅमेझॉनच्या या सेवेत `null` चा अर्थ ठरलेला आहे: `us-east-1`, म्हणजे अमेरिकेतले उत्तर व्हर्जिनिया. सर्वांत जुना विभाग तोच, आणि बकेट बनवताना विभाग सांगितला नाही तर ती तिथेच बनायची. २०१९ मध्ये कोणीतरी घाईत एक ओळ चालवली असणार. पाच वर्षे आमच्या सभासदांचे ओळखीचे पुरावे आणि सातबारासारखे जमिनीचे कागद, इकडच्या भाषेत खसरा-बी१, व्हर्जिनियात पडून होते. कोणी चोरले नव्हते. पण “मुंबईत, काका” हे वाक्य अर्धेच खरे होते.

दुसरी गोष्ट योगायोगाने हाती लागली. पत्रात लिहायला बॅकअपच्या फायलींची यादी काढली. रोजची फाइल चारशे एमबीच्या आसपास असायची. यादीत अकरा रात्री सलग आकार दिसला २०. एमबी नव्हे, केबीही नव्हे. वीस बाइट. बॅकअपची आज्ञा अशी होती:

```
pg_dump society | gzip > backup.sql.gz
```

अकरा दिवसांपूर्वी कंपनीने मुख्य डेटाबेसची आवृत्ती वाढवली होती, पण बॅकअप काढणाऱ्या यंत्रावरचा `pg_dump`, म्हणजे डेटाबेसची नक्कल काढणारा प्रोग्राम, जुनाच राहिला. जुना `pg_dump` नव्या सर्व्हरला हात लावत नाही, `aborting because of server version mismatch` म्हणून थांबतो. त्याच्यापुढच्या `gzip` ला मात्र काहीच आले नाही, आणि त्याने ते “काहीच नाही” इमानदारीने दाबून बांधले. रिकाम्या गोष्टीचे गाठोडे वीस बाइटचे होते. नळीने जोडलेल्या अशा आज्ञेत यश-अपयश ठरते ते शेवटच्या आज्ञेवरून. `gzip` यशस्वी, म्हणून रोज रात्री कंपनीच्या आणि माझ्या फोनवर “बॅकअप यशस्वी” असा संदेश येत होता. मी तो रोज पाहून झोपत होतो.

डिस्कचे रोजचे स्नॅपशॉट होते, त्यामुळे आम्ही अगदी उघडे पडलो नव्हतो. पण तिथेच तिसरी गोष्ट दिसली, आणि माझ्या मते तीच खरी. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एक प्रवेश-किल्ली साध्या अक्षरांत लिहिलेली होती, आणि तिला त्या खात्यातले सगळे अधिकार होते. ती वापरून डेटाबेस पुसता येत होता, स्नॅपशॉट पुसता येत होते, बकेटही रिकामी करता येत होती. कंपनीचे पाच जण तीच वापरत. सहावा, जो वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेला, त्याच्या काळापासून ती बदलली नव्हती.

रॅन्समवेअरवाले आत शिरल्यावर आधी बॅकअप शोधतात, पुसतात आणि मग मूळ डेटा कुलूपबंद करतात. आमच्याकडे त्यांना दोन्ही कामांसाठी एकच किल्ली पुरली असती.

पहिले पत्र

ते सात पानांचे झाले. विभाग, उपलब्धता क्षेत्रे, सांकेतीकरण, भूमिका, धोरणे, सगळे त्यात होते. एक आकृतीही होती. अध्यक्ष सरांनी दोन दिवसांनी ते परत पाठवले. पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ: “हे वाचून आम्ही काय ठरवायचे आहे, ते कळत नाही.”

राग आला, खरे सांगतो. पण त्यांचे बरोबर होते. मी मंडळाला शिकवायला बसलो होतो, आणि त्या आडून वीस बाइटची गोष्ट सहाव्या पानावर एका उपवाक्यात दडपली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ज्येष्ठ संचालकांचा: सर्व्हर पुन्हा कार्यालयात आणा, डेटा डोळ्यांसमोर राहील. याला हसू नये. जुना सर्व्हर असताना निदान तो कोणाच्या ताब्यात आहे, हे सगळ्यांना माहीत होते. पण त्याचा बॅकअप त्याच कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कवर होत असे. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला एका मोठ्या डेटा केंद्राची इमारत जळाली, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांचे मूळही गेले आणि प्रतही. आमच्या कपाटाला तर अग्निशमनसुद्धा नव्हते.

दुसरा पर्याय कंपनीचा: “आम्ही लेखी हमी देतो.” स्वस्त आणि बिनकटकटीचा. पण खाते त्यांचे, किल्ली त्यांची. उद्या ती कंपनी बंद पडली किंवा बिलावरून वाद झाला, तर हमीचा कागद आमच्याकडे आणि डेटा त्यांच्याकडे.

तिसरा: चालू सॉफ्टवेअर कंपनीकडेच राहू द्यायचे, पण बॅकअप संस्थेच्या स्वतःच्या नावाच्या, वेगळ्या क्लाउड खात्यात घ्यायचा. कंपनीने त्यात फक्त टाकायचे. काढणे किंवा पुसणे नाही. मला हाच पटला. अडचण एवढीच, की त्यात माझ्याही अधिकाराचा प्रश्न येत होता.

दुसरे पत्र

हे अडीच पानांचे होते. त्यातला मोठा भाग जसाच्या तसा देतो. त्यातली ‘तेरीज’ म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका एकत्र मांडून हिशेब जुळतो का ते पाहण्याचा तक्ता.

> मा. अध्यक्ष व संचालक मंडळ यांस,
>
> सविनय नमस्कार.
>
> ऑगस्टच्या सभेत मी ‘डेटा मुंबईत आहे’ असे सांगितले होते. ते पूर्ण खरे नव्हते. सभासदांची खाती व रोजचे व्यवहार मुंबईत आहेत. कर्ज प्रकरणांची स्कॅन केलेली कागदपत्रे २०१९ पासून अमेरिकेत साठत होती. न तपासता उत्तर दिले, ही माझी चूक आहे.
>
> यात कायदा मोडला का, असे आपण विचाराल. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायला सांगते. ते पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्या साख संस्थेसाठी नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डेटा परदेशी नेण्यावर सरसकट बंदी घालत नाही. सरकार ज्या देशांना मनाई करेल तिथे नेता येणार नाही, अशी त्याची रचना आहे. तेव्हा कागदपत्रे परत आणावीत ती कायद्याच्या भीतीने नव्हे, तर आपण सभासदांना एक सांगितले आणि केले दुसरे, म्हणून.
>
> आता दुसरी बाब. एका महिन्यात सलग अकरा रात्री आपला बॅकअप रिकामा होता आणि तो झाल्याचे संदेश मात्र येत होते. दोष दुरुस्त केला आहे. पण मंडळाने यापुढे ‘बॅकअप होतो का’ असे मला विचारू नये, कारण त्याचे उत्तर मी कालही ‘हो’ असेच दिले असते. ‘बॅकअपमधून शेवटची तेरीज कधी काढली आणि ती जुळली का’ असे विचारावे.
>
> तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. आपल्या तिजोरीला दोन चाव्या आहेत, एक व्यवस्थापकांकडे आणि एक रोखपालांकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. आपल्या डेटाच्या तिजोरीला आज एकच चावी आहे, तिच्या किती नकला आहेत हे कोणालाच नक्की ठाऊक नाही, आणि त्याच चावीने मूळ व प्रत दोन्ही जाळता येतात. डेटा मुंबईत असो की व्हर्जिनियात, हा धोका तेवढाच राहतो.
>
> मंडळाने पुढील निर्णय द्यावेत. एक: संस्थेच्या नावाने वेगळे क्लाउड खाते उघडण्यास मान्यता. त्यात ठेवलेली प्रत ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही, मलासुद्धा, पुसता येणार नाही अशा कुलपात राहील. दोन: त्या खात्याच्या मूळ प्रवेशाचा पासवर्ड अध्यक्षांकडे सीलबंद आणि त्याची हार्डवेअर किल्ली व्यवस्थापकांकडे तिजोरीत असावी. माझ्याकडे दोन्ही नसावे. तीन: मोठा बिघाड झाल्यास किती तासांचे व्यवहार पुन्हा हाताने नोंदवावे लागले तर संस्थेला चालेल, हे मंडळाने ठरवावे. हा आकडा मी ठरवू शकत नाही. तो जेवढा लहान, तेवढा खर्च अधिक.
>
> आपला,
> माहिती-तंत्रज्ञान प्रमुख

सभेत

हे पत्र आधी कंपनीला दाखवावे का, यावर मी रात्रभर विचार केला. शेवटी सभेच्या आदल्या दिवशी दाखवले. त्यांचे संचालक म्हणाले, “अकरा रात्रींचे कशाला लिहिता, दुरुस्त केलेय ना?” मी ते ठेवले.

सभेत व्हर्जिनियावर अपेक्षेपेक्षा कमी आणि तिसऱ्या निर्णयावर अपेक्षेपेक्षा जास्त चर्चा झाली. “किती तास चालतील” याला पहिले उत्तर अर्थातच “एकही नाही” असे आले. तेव्हा मुख्य लिपिक ताईंनी, ज्यांना मी केवळ माहितीसाठी बोलावले होते, हिशेब मांडला. मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून दिवसाला साडेतीनशेच्या आसपास व्हाउचर असतात. ती कागदावर आहेत, पुन्हा नोंदवता येतात. अभिकर्त्यांच्या दैनिक बचतीच्या हजार-बाराशे नोंदी मात्र त्यांच्या छोट्या यंत्रातून थेट येतात. यंत्रात त्या काही दिवस राहतात खऱ्या, पण वीस अभिकर्त्यांना बोलावून त्या पुन्हा उतरवायच्या म्हणजे दोन माणसांचे दोन दिवस. “एका दिवसाचे झेपेल. दोन दिवसांचे गेले तर सभासद पासबुक घेऊन दारात उभे राहतील,” असे त्या म्हणाल्या.

या एका हिशेबाने चर्चा जमिनीवर आली. मंडळाने ठरवले: जास्तीत जास्त अर्ध्या दिवसाचे व्यवहार, आणि काउंटर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला पाहिजे. म्हणजे बॅकअप दुपारी दोनला एक आणि रात्री एक.

दुहेरी चावीवर उपाध्यक्षांनी विचारले, “तुम्ही स्वतःच सांगताय की तुमच्यावर विश्वास ठेवू नका?” मी काही बोलण्याआधी ज्येष्ठ संचालकच म्हणाले, “रोखपालावर आपला विश्वास आहेच की. तरी तिजोरीला चाव्या दोन.” सर्व्हर परत आणायचा आग्रह मात्र त्यांनी पूर्ण सोडला नाही. दर महिन्याला एक सांकेतीकृत प्रत हार्ड डिस्कवर काढून लॉकरमध्ये ठेवायची, एवढ्यावर ते राजी झाले. मला ते आधी जुनाट वाटले होते. नंतर लक्षात आले की इंटरनेटला न जोडलेली प्रत असावी, असे तज्ज्ञही सांगतात.

ठराव कार्यवाही पंजीत हिंदीत लिहावा लागतो, कारण अंकेक्षण हिंदीत होते. ‘बॅकअपमधून तेरीज’ याचे हिंदी करताना सचिवांनी ‘बैकअप से तलपट’ असे लिहिले. तलपट हा इकडचा शब्द अंकेक्षकालाही लगेच कळला.

केलेले काम

संस्थेच्या पॅनवर, संस्थेच्या ईमेलवर नवे खाते उघडले. मुंबईत बकेट बनवली आणि तिची दुसरी प्रत हैदराबादच्या विभागात आपोआप जाईल असे केले. मुंबईच्या एकाच विभागात तीन स्वतंत्र केंद्र-समूह असतात, त्यामुळे एका इमारतीच्या आगीची चिंता तिथेच मिटते. हैदराबाद हे एक विभागच बंद पडला तर, यासाठी. कंपनीच्या किल्लीला एवढाच अधिकार दिला:

```
{
  "Effect": "Allow",
  "Action": "s3:PutObject",
  "Resource": "arn:aws:s3:::<bucket>/nightly/*"
}
```

दानपेटीसारखे आहे हे. फटीतून टाकता येते, हात घालता येत नाही. त्याच नावाची फाइल पुन्हा टाकून जुनी बिघडवता येईल का, असे मदतनिसाने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. बकेटमध्ये आवृत्त्या जपण्याची सोय चालू असते, त्यामुळे नवी फाइल जुनीवर चढत नाही, तिच्याशेजारी राहते. आणि जुनीला कुलूप असतेच.

त्या कुलपाला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्स प्रकारात खास अधिकार असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कम्प्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत कोणीच काढू शकत नाही, खात्याचा मूळ मालकही नाही. ती फाइल घालवायची तर पूर्ण खातेच बंद करावे लागते. म्हणून मूळ प्रवेश दोन हातांत असणे इतके गरजेचे होते. आम्ही आधी सात दिवसांच्या गव्हर्नन्सवर महिनाभर चालवून पाहिले. बरे झाले, कारण त्या काळात मी चुकून जुन्या सर्व्हरची सगळी डिस्क त्याच बकेटमध्ये टाकली होती. कम्प्लायन्स असते, तर मुदत संपेपर्यंत तिचे भाडे भरत बसलो असतो. नंतर पस्तीस दिवसांचे कम्प्लायन्स लावले. पस्तीस यासाठी, की महिनाअखेरच्या व्याज-आकारणीत चूक सापडायला कधी कधी पुढची महिनाअखेर उजाडते.

स्क्रिप्टमध्ये `set -eo pipefail` ही ओळ घातली, म्हणजे नळीतली कुठलीही आज्ञा फसली की काम तिथेच थांबते. त्यावरही विसंबलो नाही. फाइल आदल्या दिवसापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक लहान झाली किंवा ठरल्या वेळी आलीच नाही, तर संदेश येतो. यशाचा संदेश बंद केला. रोज येणारा “सर्व ठीक” कोणी वाचत नाही, हे मी अकरा रात्री सिद्ध केले होते.

साठवणीच्या बिलाचा मुद्दा सभेत सर्वांत अवघड जाईल असे वाटले होते. दिवसाला दोन प्रती, पस्तीस दिवस, म्हणजे तीस जीबीच्या आतबाहेर. दोन्ही विभाग धरून महिन्याला तीनशे रुपयांच्या आत. हार्डवेअर किल्ल्यांनाच त्याहून कितीतरी जास्त पैसे लागले.

सॉफ्टवेअरमधल्या वापरकर्त्यांची यादी हजेरीपटाशी ताडली. कर्मचारी तेवीस, चालू वापरकर्ते एकेचाळीस. काही निवृत्त, काही बदलीवर गेलेले, दोन ‘टेस्ट’ नावाचे, आणि एक असा की ज्याच्या नावाने रोज नोंदी होत होत्या पण तो माणूस दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलाला नवे खाते कोणी दिलेच नव्हते, म्हणून तो जुनेच चालवत होता. गैरव्यवहार काही नव्हता. पण गैरव्यवहार झालाच असता, तर पत्ता कसा लागला असता?

लॉग तीस दिवसांनी पुसले जात होते, ते एकशेऐंशी दिवसांवर नेले. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढी मुदत आहे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधनही. कोणी कळवायचे, मी रजेवर असलो तर कोणी, हे एका कागदावर लिहून व्यवस्थापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले.

निष्पत्ती

पहिला सराव डिसेंबरच्या एका रविवारी केला. कोऱ्या यंत्रावर डेटाबेस पन्नास मिनिटांत उभा राहिला आणि मी खुश झालो. मग सॉफ्टवेअर सुरू होईना: त्याची परवाना-फाइल आणि जुळणीच्या फायली बॅकअपमध्ये नव्हत्याच. कंपनीच्या माणसाला फोन, त्याच्याकडे लग्न, तीन तास गेले. अखेर तेरीज छापली, तर सभासदांच्या नावांच्या जागी `jke` असली अक्षरे. घाबरलो, डेटा बिघडला म्हणून. मग मदतनीस म्हणाला, “सर, हे ‘राम’ आहे.” आमची जुनी नावे कृतिदेव फॉन्टात भरलेली आहेत आणि त्या यंत्रावर तो फॉन्टच नव्हता. एकूण सहा तास चाळीस मिनिटे लागली. आकडे मात्र शनिवारच्या छापील तेरजेशी पैशापर्यंत जुळले.

दुसरा सराव एप्रिलमध्ये झाला. या वेळी परवाना, जुळणीच्या फायली आणि फॉन्ट प्रतीतच होते. दोन तास दहा मिनिटे. तेरीज मुख्य लिपिक ताईंनी जुळवली, मी नाही, आणि सही त्यांची आहे.

व्हर्जिनियातली कागदपत्रे मुंबईच्या बकेटमध्ये आणली आणि संख्या व आकार ताडून मगच जुनी पुसली. जुन्या आवृत्त्यासुद्धा पुसाव्या लागतात; नाहीतर यादी रिकामी दिसते आणि फायली पडद्याआड तशाच राहतात.

आज केले तर काय वेगळे करीन

ती जुनी किल्ली सापडली त्याच दिवशी रद्द करायला हवी होती. मी पत्र तयार होईपर्यंत थांबलो, कारण सगळे एकत्र मांडायचे होते. सहा आठवडे ती उघडी राहिली. मंडळाच्या मान्यतेची वाट खर्चाच्या आणि धोरणाच्या गोष्टींसाठी पाहावी. चोरीला गेलेली असू शकेल अशी चावी बदलायला कोणाचा ठराव लागत नाही.

कंपनीला पत्र आदल्या दिवशी दाखवणे हेही चुकले. त्यांना आठवडा मिळाला असता तर परवाना-फाइलचा प्रश्न डिसेंबरच्या रविवारी न निघता सप्टेंबरातच निघाला असता. मला भीती होती की ते पत्र मवाळ करायला लावतील. ती भीती अगदी खोटी नव्हती, पण तिची किंमत सरावाच्या दिवशी मोजली.

सभासदांना व्हर्जिनियाबद्दल सांगायचे का, यावर मंडळात एकमत झाले नाही. वार्षिक साधारण सभेच्या अहवालात शेवटी एक वाक्य गेले: ‘कर्ज प्रकरणांची कागदपत्रे भारतातील साठवणीत हलवण्यात आली आहेत.’ आधी कुठे होती, ते त्यात नाही. मी सांगावे या मताचा होतो आणि अजून आहे.

आणि एक भोक पत्रात राहिलेच. सभा संपताना एका संचालिका ताईंनी विचारले, “ते सगळे ठीक, पण राजेंद्रनगरच्या शाखेतून कर्जदारांचे आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, ते कुठे साठतात?” त्या ग्रुपमध्ये मीही होतो, आणि पत्र लिहिताना तो मला आठवलाही नव्हता. शाखांना स्कॅनर दिले, ग्रुपवर कागद टाकू नयेत असे परिपत्रक काढले. हे लिहितानाच फोन पाहिला: सकाळी पावणेअकराला एका जमिनीच्या खशऱ्याचा फोटो आला आहे, खाली “सर अर्जंट”.